चटईवर आडवं झालं की आभाळ दिसता कामा नये

पावसाळा संपला की आमच्या क्लबात ५० मीटर रायफल रेंजची तपासणी होते. यंदा तपासणी झाल्यावर आम्ही रेंज बंद केली आणि दाराला फलक लावला. दुसऱ्याच दिवशी एका पालकांचा फोन आला. "ओ सर, पोरगीची स्पर्धा तोंडावर आलीय आन् तुम्ही कुलूप लावलं होय? बांधाची माती जराशी खचलीय नुसती. त्यात काय एवढं?"

त्यांचा राग मला समजतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकहून गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं मारायच्या ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं आणि त्याच प्रकारासाठी कोल्हापुरात पोरापोरींची रीघ लागली. त्याआधी तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं, म्हणजे नुसतं पालथं पडून मारायच्या प्रकाराचं, जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हापासून हे वेड आहेच. सरावाचा एक आठवडा बुडाला तरी या मुलांचा जीव कासावीस होतो. पण "माती जराशी खचलीय" या वाक्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मी पेशानं बांधकामातला माणूस. क्लबात रेंजच्या सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे.

सुरुवात गोळीपासून करू. ५० मीटरला आपण पॉइंट टू टू वापरतो. ही शिशाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, म्हणजे शेंगदाण्याचे चार-पाच दाणे धरा. रायफलीतून ती सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगानं निघते. लहान गोळी म्हणून तिला कुणी खेळण्यातली समजू नये. नळी तीसेक अंश वर असताना ती सुटली तर जवळपास दीड किलोमीटर जाऊ शकते. अंबाबाईच्या देवळापासून रंकाळा जेवढा लांब आहे, त्याहून हे अंतर जास्त आहे.

यावर उपाय दोन. एक म्हणजे रेंजच्या मागे आणि दोन्ही बाजूंना पंख्याच्या आकाराची दीड किलोमीटर जमीन मोकळी ठेवायची. लष्कराला ते जमतं. आपल्याकडे शहराच्या कडेला रेंजमागे पाचशे मीटरवर ऊस असतो, उसात भांगलणीला माणसं असतात आणि पलीकडे नवी कॉलनी उभी राहत असते. तेव्हा दुसरा उपाय उरतो. नळी कुठेही वळली तरी गोळी रेंजच्या हद्दीतच अडली पाहिजे, अशी रेंज बांधायची. आमची रेंज या दुसऱ्या जातीची आहे. तिच्यातलं सगळं बांधकाम या एकाच अटीसाठी आहे आणि अट मोडली की रेंज बंद, मग ती बोटभर मोडो की हातभर.

गोळी थांबवणारी पहिली गोष्ट म्हणजे मागचा मातीचा बांध. एनसीसीत याला बट म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द बॅकस्टॉप. आमचा बांध वीस मीटर रुंद आणि बांधला तेव्हा ४.६ मीटर उंच होता. नवे लोक हमखास विचारतात, मागे खणीचा काळा कातळ उभा आहे, मग मातीचा बांध कशाला? कोल्हापूरभोवती जुन्या खणी कमी नाहीत. खोल, तीन बाजूंनी भिंती, फुकटची रेंजच वाटते. पण कातळ गोळीला पोटात घेत नाही. शिसं त्यावर आपटून फुटतं आणि फोडलेल्या दगडाला हजार तोंडं असल्यामुळे कुठला तुकडा कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. एखादा थेट मागे, चटईवर निजलेल्या मुलाकडे येतो. माती मऊ असते, गोळी तिच्यात शिरते आणि थांबते. म्हणून कातळ असला तरी त्याच्यापुढे माती हवीच.

मातीही कुठलीही चालत नाही. आपल्याकडच्या तांबड्या मातीत जांभ्याचे खडे असतात. गोळीच्या वाटेत सुपारीएवढा खडा आला तरी तो कातळाचंच काम करतो. म्हणून बांधाच्या तोंडावरचा सुमारे दोन फुटांचा थर चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा असावा लागतो. उताराचंही तसंच आहे. गोळी जवळजवळ आडवी येते, त्यामुळे बांध जितका उभा तितकी ती नीट रुतते. बांध जितका निजलेला तितकी ती पृष्ठभागावरून घसरून वर निसटण्याची भीती जास्त. तळ्यात चपटा दगड टाकून भाकऱ्या काढतात, तेच इथे होतं. आता अडचण अशी की सुट्टी कोरडी माती आपणहून तीस-पस्तीस अंशांपेक्षा उभी राहत नाही. म्हणून आम्ही मातीच्या पोत्यांच्या पायऱ्या करून बांधाचं तोंड उभट ठेवतो. आणि कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट त्याच पायऱ्या खाली आणतो.

बांधाला आणखी एक दुखणं असतं आणि त्याचा पावसाशी संबंध नाही. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. आमची मुलं चांगली मारतात, म्हणजे सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेतून पलीकडे जातात आणि बांधात एकाच ठिकाणी शिरतात. एका लेनवर रोज शंभर गोळ्या आणि वर्षाचे तीनशे दिवस धरा. तीस हजार गोळ्या झाल्या, म्हणजे ७८ किलो शिसं, आणि तेही परातीएवढ्या एका खळग्यात. दहा लेन मिळून वर्षाला ७८० किलो. काही महिन्यांनी त्या खळग्यात माती नावालाच उरते आणि नवी गोळी मातीऐवजी जुन्या शिशावर आदळते. खळगा वाडग्यासारखा गोल झाला की तो गोळीला वळवून वरही फेकू शकतो.

हे ओळखायचं कसं? आधी कान सांगतो. माती चांगली असताना गोळी थप् असा मंद आवाज करते. शिशावर आदळली की आवाज टणक येतो. मग लक्ष्याच्या चौकटीची मागची बाजू बघायची. पुढून गोळ्या जातात तर मागच्या बाजूला खरवडे आणि खड्डे पडायचं कारण नाही. पडले असतील तर तुकडे उलटे येत आहेत. आमच्या चौथ्या आणि पाचव्या लेनला असे ताजे खड्डे होते. चकचकीत शिशाच्या पापड्या बांधाच्या पायथ्याशी हातानं वेचता येत होत्या.

बांधाचं एवढं सांगितलं, तरी बांध हा निम्माच भाग आहे. दुसरा निम्मा भाग लोकांना शोभेसाठी उभा केल्यासारखा वाटतो. रेंजच्या मधोमध हवेत टांगल्यासारख्या ज्या आडव्या भिंती दिसतात, त्या बॅफल. त्यांच्या खालून लक्ष्य स्वच्छ दिसतं, गोळी त्यांना शिवतही नाही, मग त्या कशासाठी?

प्रोन नेमबाज चटईवर पालथा असतो. नळीचं तोंड जमिनीपासून सुमारे तीस सेंटिमीटरवर असतं. बांध ५० मीटरवर आणि ४.६ मीटर उंच. आता रायफलीचा दस्ता खांद्यात तसाच ठेवून नळी वर करा. तोंड किती वर गेलं की गोळी बांधावरून जाईल? हिशेब येतो आठ-नऊ सेंटिमीटर, म्हणजे पंजाच्या रुंदीएवढं. या रायफलींचा ट्रिगर फार हलका असतो, शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. गोळी भरून बोल्ट बंद करताना नळी थोडी उचलली आणि बोट ट्रिगरला लागलं, एवढ्यावर गोळी सुटते. बांध दुप्पट उंच केला तरी ते अंतर दोन पंजांएवढं होतं, बस्स. नुसत्या बांधानं हा प्रश्न सुटत नाही. म्हणून बॅफल.

बॅफलचा नियम एका वाक्यात सांगता येतो. नळीच्या तोंडाच्या जागी डोळा ठेवला, तर कुठूनही आभाळ दिसता कामा नये. प्रत्येक बॅफलच्या खालच्या कडेखालून वर बघितलं की पुढच्या बॅफलचं अंग दिसलं पाहिजे, त्याच्याखालून बघितलं की त्याच्या पुढच्याचं आणि शेवटच्याखालून बघितलं की बांध. घरावर कौलं शाकारताना एकावर दुसरं चढवतात तसं, फक्त इथे पाऊस जमिनीकडून वर येणार आहे असं समजायचं.

आमच्या रेंजचे आकडे घेऊन बघू, म्हणजे मनात चित्र बसेल. फायरिंग पॉइंटवर, म्हणजे नेमबाजांच्या जागेवर, स्लॅब आहे आणि तो नळीच्या तोंडापुढे ३ मीटर जातो. त्याच्या पुढच्या तुळईची खालची कडा २.२ मीटरवर आहे. उभ्यानं मारणाऱ्याची नळी दीड मीटरवर असते आणि लक्ष्याचा मध्य पाऊण मीटरवर, त्यामुळे २.२ मीटरची कडा कुणाच्याही वाटेत येत नाही. चटईवरच्या नळीपासून त्या कडेला चिकटून एक दोरी वर नेली, असं समजा. ३ मीटरमध्ये ती १.९ मीटर चढली. ६ मीटरवर ती दुप्पट चढलेली असेल, म्हणजे जमिनीपासून ४.१ मीटरवर. तिथेच आमचा पहिला बॅफल आहे, खालची कडा २.२ मीटरवर आणि वरची ४.३ वर. दोरी त्याच्या अंगावर आदळते आणि वीसेक सेंटिमीटर शिल्लक राहतात.

आता दोरी पहिल्या बॅफलच्या खालच्या कडेला लावा. ६ मीटरमध्ये १.९ चढ, म्हणजे १२ मीटरवर पुन्हा तीच ४.१ मीटर उंची. दुसरा बॅफल १२ मीटरवर आहे. तिसरा २४ वर, तेच गणित. अंतर दर वेळी दुप्पट करत गेलं की सगळ्या बॅफलांची उंची सारखीच ठेवता येते. हे मला पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण त्यामुळे तीन बॅफलांत काम भागतं आणि रेंजवर बराचसा उजेड-वारा राहतो. तिसऱ्याच्या कडेखालून गेलेली दोरी ५० मीटरवर ४.२६ मीटर उंचीला पोचते. तिथे बांध ४.६ मीटरचा, म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर जास्त. उजव्या-डाव्या बाजूच्या भिंतींचं तत्त्व हेच, फक्त आडवं.

बॅफलच्या आत पोलादी प्लेट असते आणि नेमबाजाकडच्या अंगाला, थोडी फट ठेवून, जाड लाकडी फळ्या. गोळी फळीतून आरपार जाते, पोलादावर फुटते आणि तिचे तुकडे फळीच्या मागेच अडकतात. स्लॅबच्या खालच्या अंगालाही अशाच फळ्या आहेत. उघडं पोलाद किंवा उघडं काँक्रीट नेमबाजाच्या डोक्यावर कधीच नको. शिवाय फळी हिशेबही ठेवते. तिच्यावरचं प्रत्येक भोक म्हणजे कुणाची तरी नळी तिथवर वर गेली होती. आम्ही दर महिन्याला प्रत्येक भोकाभोवती खडूनं गोल करून तारीख लिहितो. नवं भोक दिसलं की त्या लेनवर त्या महिन्यात कोण होतं ते वहीत बघायचं आणि त्या मुलाला पुन्हा रिकाम्या रायफलीवर लोडिंग शिकवायचं.

जमिनीबद्दल थोडं. पालथ्या नेमबाजाची गोळी चुकून वाटेत जमिनीला लागली तर ती एका अंशाच्या आसपास, म्हणजे अगदी निसटती लागते आणि उडून पुढे जाते. मऊ माती असेल तर बहुधा ती खालूनच बांधाकडे जाते, दगड असेल तर वर. म्हणून रेंजच्या पट्ट्यात खडी, विटांचे तुकडे, उघडा पाइप, काही राहू द्यायचं नाही. वर उडालेली गोळी अडवायला बांधाच्या माथ्यावर पुढे झुकलेला लाकडाचा छज्जा असतो.

आता यंदाच्या तपासणीत काय सापडलं ते सांगतो. आमचा गवंडी आणि मी सकाळी दोनच वस्तू घेऊन गेलो, पाण्याची लेव्हल नळी आणि एक छोटा आरसा. मी एकेका लेनच्या चटईवर पालथा झालो आणि नळीच्या तोंडाच्या जागी आरसा तिरका धरून वर बघत गेलो.

तिसऱ्या ते आठव्या लेनपर्यंत तिसऱ्या बॅफलची खालची कडा आणि बांधाचा माथा यांच्यामध्ये निळी रेघ दिसली. हात लांब करून बघितली तर दोन मिलिमीटर जाडीची. लेव्हल नळीनं बांध मोजला. मधल्या भागात माथा ४.१ मीटरवर आला होता. अर्धा मीटर माती पावसानं खाली आणली होती आणि छज्जाही तिच्याबरोबर पुढे कलला होता. दोरीला ४.२६ हवे आणि बांध ४.१, म्हणजे सोळा सेंटिमीटरची फट. गवंडी म्हणाला, "सायेब, एवढ्यातनं गोळी जायाची म्हंजी नशीबच लागंल." त्याचं खरं होतं. त्या फटीतून गोळी काढायला नळी साडेतीन मिलिमीटरच्या पट्ट्यात अचूक असायला लागेल. पण वर्षाला तीन लाख गोळ्या सुटणाऱ्या जागी मी नशिबावर हिशेब मांडत नाही. त्या फटीतून गेलेली गोळी साडेचार अंशांनी वर निघते आणि अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जाऊन पडते. तिथे ऊस आहे.

दुसरं सापडलं ते वर सांगितलंच, चौथ्या-पाचव्या लेनमागचे शिशाचे खळगे. शिवाय दुसऱ्या बॅफलच्या एका कोपऱ्यातल्या फळ्यांना वाळवी लागली होती. बोटानं दाबलं की भुसा पडत होता.

तिसरी गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. सहाव्या आणि सातव्या लेनवर जमिनीवर चिकटपट्टीच्या नव्या खुणा दिसल्या, मूळ खुणांच्या दीड मीटर पुढे. चौकशी केली तेव्हा कळलं की ऑगस्टात तिथे स्लॅब गळत होता. पाणी थेट चटईवर पडायचं, म्हणून मुलांनी चटया पुढे ओढल्या. लक्ष्य जरा जवळ आलं असलं तरी सरावच आहे, असा त्यांचा विचार. कुणी लबाडी केली नव्हती. भिजत कोण निजणार?

पण दोरी पुन्हा लावून बघा. स्लॅबची तुळई आता नळीपुढे ३ ऐवजी १.५ मीटरवर आली. तेवढ्यात १.९ मीटरचा चढ म्हणजे दोरी ५१-५२ अंशांनी वर जाते. पहिला बॅफल ६ ऐवजी ४.५ मीटरवर आहे. तिथे दोरीची उंची भरते ६ मीटर, आणि बॅफल संपतो ४.३ ला. १.७ मीटरचं उघडं आभाळ! मी त्या चटईवर आरसा धरला तेव्हा बॅफलच्या वर ढग सरकताना दिसले. रायफलीच्या भाषेत हा जवळपास दहा अंशांचा पट्टा होतो, म्हणजे नळीच्या टोकाला वीतभर. बांधावरच्या रेघेला साडेतीन मिलिमीटर आणि इथे वीतभर. नळी एवढी वर गेली की तिचं तोंडही तीस सेंटिमीटरवर राहत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष पट्टा थोडा कमी असेल. पण हिशेब सगळ्यात वाईट धरूनच करायचा असतो. आणि पोरं लोडिंग करताना किंवा चटईवरून उठताना नळी वर जाते ती याच कोनाकडे. तिथून सुटलेली गोळी किलोमीटरभर लांब जाऊ शकते.

फोन करणाऱ्या काकांना मला मुख्य सांगायचं होतं ते हेच. बांध खचलेला सगळ्यांना दिसतो, म्हणून धोका तिथेच आहे असं वाटतं. खरा मोठा धोका छताच्या गळतीत होता. गळणारं छत कुठल्याही इमारतीत नुसती गैरसोय असते. रेंजवर मात्र ते माणसाला त्याच्या जागेवरून हलवतं, आणि रेंजचं सगळं गणित नळी कुठे आहे या एका बिंदूवर उभं असतं. तो बिंदू दीड मीटर सरकला की तीनही बॅफल जागच्या जागी असून निकामी. उलट बाजूनं बघितलं तर चटई एक मीटर मागे सरकली असती तर धोका वाढला नसता, कमी झाला असता. फायरिंग पॉइंटची जमीन उंच केली तरी तेच, कारण दोरीचा चढ कमी होतो. पण जमीन खचून खाली गेली किंवा नेमबाज पुढे आला, की फट उघडते. सहाव्या-सातव्या लेनवर दोन महिने हे चालू होतं आणि माझ्या लक्षात आलं नाही, याची मला बोच आहे. आता दर रविवारी चटयांच्या खुणा मोजायचं काम वहीत घातलं आहे आणि मूळ रेषेवर रंगाऐवजी लोखंडी पट्टी बसवतो आहोत.

"मग बिघडलेल्या लेन तेवढ्या बंद करा, बाकीच्या चालू ठेवा," असंही बऱ्याच जणांनी सुचवलं. दोन कारणांनी ते होत नाही. चुकून सुटलेली गोळी आपल्या लेनमध्ये राहतेच असं नाही. पहिल्या लेनवरची नळी थोडी तिरकी झाली तर गोळी चौथ्या लेनमागच्या खचलेल्या माथ्याकडे जाते. लेनच्या रेषा जमिनीवर असतात, हवेत नसतात. आणि दुसरं म्हणजे दुरुस्ती करणारी माणसं बांधावर असताना त्याच रेंजवर एकही गोळी सुटू शकत नाही. दहा मीटरचा एअर रायफल हॉल वेगळ्या इमारतीत आहे, तो चालू आहे. ५० मीटरवाल्यांनी तिथे येऊन ट्रिगर आणि होल्डिंगचा सराव करावा, आम्ही चटया ठेवल्या आहेत.

वेळ लागतो तो शिशामुळे आणि ओल्या मातीमुळे. बांधाचं तोंड दोन फूट खोल खरवडून माती चाळायची, शिसं वेगळं काढायचं. गेल्या तीन वर्षांत ते काढलेलं नाही, म्हणजे दोन टनांहून जास्त निघेल. कोरडी माती चाळली तर शिशाची धूळ उडते आणि ती श्वासातून अंगात जाते, म्हणून पाणी शिंपडत, मास्क लावून हळू काम करावं लागतं. चाळणीवरच्या माणसांनी त्याच कपड्यांत घरी जायचं नाही आणि डबा खाण्याआधी साबणानं हात धुवायचे, हे पहिल्याच दिवशी बजावलं आहे. आपली तांबडी माती आम्लधर्मी असते. अशा मातीत शिसं पाण्यात उतरायला सोपं जातं आणि खाली शेतातली विहीर आहे. म्हणून परत भरायच्या मातीत चुना मिसळतो आणि बांधाच्या पायथ्याचं पाणी आता सरळ ओढ्याला न सोडता आधी एका खड्ड्यात निवळू देणार आहोत.

भरायला किती माती लागेल? तोंडावरच्या थरालाही हवी आणि माथा उचलायलाही. चढवताना ती दबते, म्हणून चौदा ट्रॉल्या सांगितल्या आहेत. ती एकदम ओतून चालत नाही. वीतभर थर, धुम्मस, पाणी, पुन्हा थर. घाई केली तर पुढच्या पावसात माथा पुन्हा ४.१ वर येईल. या वेळी आम्ही तो पाच मीटरवर नेतोय, म्हणजे काही माती बसली तरी दोरीला ४.२६ शिल्लक राहील. माथ्यावर गवत लावायचं आहे, पण तोंडावर नाही, कारण तिथे दरवर्षी खरवडावं लागणार.

स्लॅबची गळती काल थांबली. वाळवी लागलेल्या फळ्या उतरवल्या, तेव्हा मागच्या पोलादी प्लेटला गंज होता पण ती शाबूत निघाली. तिला घासून रंग दिला आहे आणि नव्या फळ्या चढल्या आहेत. आज सकाळी पहिल्या पाच लेनवर आरसा धरला. कुठेही निळं दिसलं नाही. सहाव्या ते आठव्या लेनवर अजून माती चढायची आहे आणि तिथे रेघ दिसतेच. उरलेल्या ट्रॉल्या मंगळवारी येतील. दहाही लेनवर आरशात नुसती फळी आणि माती दिसेल, त्या दिवशी दारावरचा फलक मी स्वतः काढीन आणि पहिला फोन त्या काकांना करीन.